चवड्याखालचे दुखणे आणि अंगठ्याच्या मुळाशी आलेला उंचवटा: आधी उपचार कशावर?

सावनी_क

नमस्कार. माझे वय 54 आहे आणि शिकवण्याच्या कामामुळे दिवसाचा बराच वेळ उभ्यानेच जातो. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला, गेल्या काही वर्षांत हळूहळू एक टणक उंचवटा आला आहे आणि अंगठा शेजारच्या बोटाकडे कलला आहे. त्याचा फारसा त्रास कधी झाला नाही. बूट घट्ट असले की तेवढ्यापुरता तो लाल होऊन हुळहुळत असे. आता मात्र त्याच पायाच्या चवड्याखाली दुखू लागले आहे, आणि दुखते ते अंगठ्याखाली नव्हे, तर दुसऱ्या बोटाच्या मुळाशी. अनवाणी फरशीवर पाऊल टाकले की खाली खडा असल्यासारखे वाटते. तिथली कातडी जाड व पिवळसर झाली असून बोटाने दाबल्यास नेमका एक बिंदू दुखतो.

एकाने सांगितले की घट्टा कापून घ्या, दुसऱ्याने सांगितले की वर आलेले हाड तासून टाका म्हणजे सगळेच थांबेल. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत की एकच, आणि उपचाराची सुरुवात कुठून करावी, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

दिनकर_काका

सावनीताई, अंगठ्याच्या मुळाशी लाली आणि दुखणे म्हटले की पहिला संशय युरिक ॲसिडचाच घ्यावा. माझ्या परिचयातील दोघांना याच सांध्यात त्रास झाला आणि दोघांच्याही रक्तात ते वाढलेले निघाले. आधी रक्त तपासून घ्या, बुटांचे नंतर पाहता येईल.

रानफूल

मलाही सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताना जीव जातो, टाचेखाली कोणी खिळा ठोकल्यासारखे होते. दहा-पंधरा पावले चालले की बरे वाटते. मी गोठवलेल्या पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवते, तुम्हीही करून पाहा.

अनुराधा_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट असून पायांच्या तक्रारी घेऊन येणारे रुग्ण बरीच वर्षे पाहते आहे. सावनीताई, तुमचा पाय न बघता निदान करणे योग्य होणार नाही. तरीही वर्णनावरून ही एकच तक्रार असण्याची शक्यता मला अधिक वाटते, आणि ती का, हे सविस्तर सांगते.

अंगठ्यामागचे लांब हाड इतर चौघांपेक्षा जाड आणि आखूड असते. उभे असताना त्याच्या टोकावर इतर प्रत्येक हाडाच्या साधारण दुप्पट भार येतो. पाऊल पुढे टाकताना टाच उचलली जाते, तेव्हा अंगठा जमिनीला दाबून धरतो आणि शरीराचे वजन त्याच्यावरून पुढे सरकते. तुमच्या पायात हे लांब हाड हळूहळू आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाच्या दिशेने, सरकले आहे आणि अंगठा उलट दिशेला कलला आहे. तो उंचवटा म्हणजे नव्याने वाढलेले हाड नव्हे; बव्हंशी ते त्याच हाडाचे बाहेर डोकावणारे टोक असते. डॉक्टर याला हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. असा कललेला अंगठा जमिनीला नीट दाबू शकत नाही, त्याच्या वाट्याचा भार शेजारच्या दुसऱ्या हाडावर पडतो, आणि ते हाड लांब असले तरी बारीक असल्यामुळे त्याच्या टोकाखाली कातडी जाड होते व पुढे आतले ऊतक दुखू लागते. घट्टा हा त्या भाराचा पुरावा आहे, दुखण्याचे मूळ नव्हे.

दिनकरकाका, तुमची शंका रास्त आहे, कारण युरिक ॲसिडचे दुखणे याच सांध्यात सर्वांत जास्त आढळते. पण ते बहुधा रात्रीतून येते. सांधा लालभडक होतो, सुजतो, गरम लागतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही आणि काही दिवसांत ते ओसरते. काही वर्षांत सावकाश वाढलेला, बूट काढला की शांत होणारा उंचवटा त्या चित्रात बसत नाही. शिवाय रक्तात युरिक ॲसिड वाढलेले असूनही कधीच झटका न येणारी माणसे पुष्कळ असतात, त्यामुळे केवळ त्या आकड्यावरून हे दुखणे त्याचेच आहे असे म्हणता येत नाही. रानफूल, तुमचे दुखणे टाचेकडचे आहे. त्याचा आणि या प्रश्नाचा मार्ग वेगळा असल्याने त्यासाठी स्वतंत्र धागा काढलात तर अधिक उपयोग होईल.

सावनीताई, तीन गोष्टी कळल्या तर पुढे बोलता येईल. दुसरे बोट जमिनीला टेकते की किंचित वर उचललेले असते? त्या बोटात किंवा बोटांच्या बेचक्यांत जळजळ, मुंग्या, बधिरपणा असे काही होते का? आणि पायाच्या वरच्या बाजूला, त्या लांब हाडावर दाबल्यास दुखते का किंवा सूज दिसते का?

सावनी_क

सविस्तर उत्तराबद्दल आभार. वरच्या बाजूला सूज नाही आणि दाबून दुखतही नाही. मुंग्या किंवा बधिरपणा कधी जाणवला नाही. दुसऱ्या बोटाचे मात्र तुम्ही विचारल्यावर लक्षपूर्वक पाहिले: उभे राहिले असता डाव्या पायाचे बोट जमिनीला टेकते, उजव्या पायाचे टोक टेकत नाही असे दिसते, आणि ते थोडे अंगठ्याकडे झुकलेलेही आहे. हे केव्हा झाले, ते सांगता येणार नाही.

बाजारातून चवड्याखाली ठेवायची एक मऊ गादीही आणली आहे, ती घातली की दुखणे वाढते. मऊ वस्तूने दुखणे वाढावे याचे आश्चर्य वाटते.

अनुराधा_फिजिओ

आधी बोटाचे पाहू, कारण तेच जास्त महत्त्वाचे आहे. प्रत्येक बोटाच्या सांध्याखाली एक घट्ट, जाड पट्टी असते. ती बोटाला खाली धरून ठेवते. अतिरिक्त भार दीर्घकाळ पडत राहिला की ही पट्टी सैल पडते किंवा फाटते आणि बोट वर उचलले जाऊन बाजूला सरकू लागते. घरी एक साधी चाचणी करता येते. उभे राहून दुसऱ्या बोटाच्या टोकाखाली कागदाची अरुंद पट्टी ठेवा, बोटाने ती जमिनीवर दाबून धरा आणि कोणाला तरी ती ओढायला सांगा. डाव्या पायाखालची पट्टी फाटेपर्यंत सुटली नाही आणि उजव्या पायाखालची सहज निसटली, तर सांध्याखालची पट्टी कमकुवत झाल्याचा संशय बळावतो. नक्की सांगायचे तर डॉक्टर बोट धरून ते सरळ वर ढकलून पाहतात. सांधा दुसऱ्या पायाच्या तुलनेत जास्त सरकला आणि तुमचे नेहमीचे दुखणे त्याच वेळी उमटले, तर तो भक्कम पुरावा समजला जातो.

हे तपासून घेण्याचे एक व्यावहारिक कारण आहे. चवडा दुखतो म्हणून कधी कधी सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले जाते. पट्टी आधीच फाटू लागली असेल तर त्याने दुखणे काही काळ थांबते, पण ती आणखी कमकुवत होऊन बोट सांध्यातून निसटण्याचा धोका वाढतो. त्यामुळे इंजेक्शनचा प्रस्ताव आला तर "पट्टी तपासली आहे का?" असे स्पष्ट विचारा.

आता गादीबद्दल. ती कुठे बसते आहे? माझा अंदाज असा की ती घट्ट्याच्या बरोबर खाली येते. तशी ती बसली तर आधीच दबलेल्या जागेखाली उंची वाढते आणि दाब आणखी वाढतो. गादीने हाडाच्या टोकाला आधार द्यायचा नसतो. टोकाच्या मागे, हाडाच्या मानेला उचलून धरायचे असते, म्हणजे टोकावरचा भार थोडा मागे सरकतो.

जागा ठरवण्यासाठी घट्ट्यावर लिपस्टिकचा ठिपका लावा, बुटातला सुखतळा बाहेर काढून पुन्हा बुटात नीट बसवा, पाय आत घालून दोन-चार पावले चाला आणि सुखतळ्यावर उमटलेला ठसा पाहा. थेंबाच्या आकाराच्या गादीची रुंद बाजू बोटांकडे ठेवायची आणि तिची पुढची कड त्या ठशाच्या साधारण पाच ते दहा मिलिमीटर मागे यावी अशी ती चिकटवायची. सुरुवातीला पातळ गादी घ्या. पहिले दोन दिवस तळव्यात गोळा असल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे; पण ठशाखालचे दुखणे वाढले किंवा बोटांत मुंग्या आल्या तर ती दोन-तीन मिलिमीटर मागे सरकवून पाहावी. इतक्या लहानशा फरकाने पायाला किती बदल जाणवतो, हे रुग्णांना नेहमीच नवल वाटते.

निशिगंध

मध्येच विचारतो, क्षमस्व. माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि त्यांच्याही चवड्याखाली असाच घट्टा आहे. त्यांना दुखत नाही. औषधाच्या दुकानात घट्टे विरघळवणाऱ्या पट्ट्या मिळतात, त्या लावाव्यात का?

अनुराधा_फिजिओ

निशिगंध, कृपया लावू नका, आणि घरी ब्लेडने कापूही नका. त्या पट्ट्यांतले आम्ल घट्टा आणि निरोगी कातडी यांत फरक करत नाही. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणून जखम झालेली कळत नाही. त्यांना दुखत नाही याच कारणाने मला अधिक काळजी वाटते, कारण घट्ट्याखाली जखम तयार होत असली तरी दुखणे त्यांना सावध करणार नाही. घट्ट्यात काळसर डाग, ओलसरपणा, दुर्गंधी किंवा आजूबाजूला उष्णता दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. काहीच दिसत नसले तरी संवेदना आणि रक्तपुरवठा दोन्हींची तपासणी करून घ्या.

मुशाफिर

माझी शस्त्रक्रिया झालेली आहे, म्हणून लिहितो. अंगठ्याचे लांब हाड कापून ते बाहेरच्या बाजूला सरकवले आणि स्क्रूने बसवले. पहिले सहा आठवडे जाड, कडक तळाच्या विशेष बुटात टाचेवर भार देऊन चालावे लागले, सूज पूर्ण उतरायला त्यानंतरही बरेच महिने गेले. उंचवटा गेला, बूट घालता येतात, अंगठा सरळ दिसतो. मात्र मला आधी कधीच न दुखलेले दुसरे बोट आता चवड्याखाली दुखते. माझ्या डॉक्टरांच्या मते हाड बसवताना ते थोडे आखूड झाले आणि त्यामुळे भार शेजारी गेला. सावनीताई, तुमच्यासारखे दुखणे शस्त्रक्रियेनेही सुरू होऊ शकते, एवढेच सांगायचे आहे. शस्त्रक्रिया करूच नका असे मी म्हणत नाही.

दिनकर_काका

मग नुसता उंचवटा तासून घेतला तर? हाड कापण्याची भानगडच नको. माझ्या ओळखीच्या एका बाईंचे तसेच केले होते.

अनुराधा_फिजिओ

काका, तसे पूर्वी केले जात असे आणि क्वचित आजही वयोवृद्ध रुग्णांच्या बाबतीत, केवळ बूट लागू नये एवढ्यासाठी, केले जाते. पण हाडाची कललेली दिशा तशीच राहिल्यामुळे कल परत वाढत जातो, आणि सावनीताईंच्या चवड्याखालच्या भारात तर काहीच फरक पडत नाही. तुमच्या ओळखीच्या बाईंना पुढे काय झाले, हे कळले तर जरूर लिहा.

मुशाफिर यांनी सांगितलेला प्रकार खरा आहे आणि शल्यचिकित्सक त्याची जाणीव ठेवूनच नियोजन करतात. पहिले हाड आखूड झाले किंवा टोक किंचित वर उचलले गेले तर ते जमिनीवरचा भार पुरेसा घेत नाही. उलट, नेमके काम झाले तर दुसऱ्या हाडावरचा भार कमी होऊन त्याखालचे दुखणेही कमी होते. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी उभे राहून, पायावर वजन घेतलेल्या स्थितीत काढलेला एक्स-रे हवा. झोपून काढलेल्या एक्स-रेमध्ये हाडे भाराखाली जशी पसरतात तशी पसरत नाहीत आणि कोन कमी दिसतो.

सावनी_क

काही दिवसांनी पुन्हा लिहिते आहे. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले. एक्स-रे उभ्यानेच काढला. अंगठ्याचा कल 29 अंश आणि पहिल्या दोन लांब हाडांमधला कोन 13 अंश असे अहवालात लिहिले आहे. कागदाची पट्टी घरी ओढून पाहिली तेव्हा डाव्या बोटाखालची फाटली, उजव्या बोटाखालची अलगद निघाली. त्यांनी बोट वर ढकलून पाहिले, जरासे सरकले आणि नेमके तिथेच दुखले. पण सांध्याखालची पट्टी पूर्ण फाटलेली नसावी असे त्यांचे मत आहे. सध्या इंजेक्शन नको, असे ते स्वतःहूनच म्हणाले.

गादी ठसा घेऊन मागे सरकवली. पहिल्या दिवशी कसेसेच वाटले, पण आता दुपारपर्यंत उभे राहिल्यावर होणारे दुखणे बरेच कमी आहे. अनवाणी चालताना ते तसेच आहे.

अनुराधा_फिजिओ

अनवाणी चालताना गादी नसते, त्यामुळे ते अपेक्षितच आहे. घरातही थोडा जाड आणि कडक तळ असलेली चप्पल वापरा. बोटांच्या सांध्याशी सहज वाकणारा मऊ तळ या दुखण्यात सर्वांत वाईट, कारण प्रत्येक पावलाला तो सांधा तितकाच वाकतो. दुसऱ्या बोटाला चिकटपट्टीचा आधारही देता येतो. पट्टी बोटाच्या वरून घेऊन तिची दोन्ही टोके तळव्यावर, चवड्याच्या मागे, तिरकी चिकटवायची, म्हणजे बोट खाली धरले जाते. पहिल्यांदा एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून करवून घ्या. बोट पांढरे किंवा निळसर पडले तर पट्टी घट्ट झाली आहे.

29 आणि 13 हे मध्यम प्रमाण आहे. साधारणतः अंगठ्याचा कल 15 अंशांपर्यंत आणि हाडांमधला कोन 9 अंशांपर्यंत असला तर तो नेहमीचा समजतात. पण शस्त्रक्रियेचा निर्णय अंशांवर घ्यायचा नसतो, दुखणे किती आहे आणि साध्या उपायांनी ते किती आटोक्यात येते यावर तो अवलंबून असतो.

एक गोष्ट अजून तपासा. भिंतीसमोर खुर्चीत बसून गुडघा सरळ ठेवा आणि पाऊल आपल्याकडे ओढा. मग गुडघा वाकवून तसेच करा. गुडघा सरळ असताना पाऊल काटकोनापर्यंतच येत असेल आणि वाकवल्यावर पुढे जात असेल, तर पोटरीचा स्नायू आखडलेला आहे. असा स्नायू टाच वेळेआधीच उचलायला लावतो, त्यामुळे चवड्यावर भार जास्त वेळ राहतो. त्यासाठी भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा ताठ आणि टाच जमिनीला ठेवून 30 सेकंद ताण द्यायचा, तीनदा, दिवसातून दोन वेळा. तो बूट घालूनच करा, म्हणजे दुखऱ्या जागेला आधार राहील.

रानफूल

माझ्या दुखण्याचा वेगळा धागा काढला आहे. पण एक शंका इथलीच: रात्री अंगठा सरळ धरणारे पट्टे आणि बोटांमध्ये घालायचे सिलिकॉनचे तुकडे यांनी अंगठा खरेच सरळ होतो का? जाहिरातींत तर आधी-नंतरची छायाचित्रे दाखवतात.

अनुराधा_फिजिओ

पट्टा बांधलेला असेपर्यंत अंगठा सरळ दिसतो आणि छायाचित्र तेव्हाच काढलेले असते. प्रौढ माणसाच्या पायात त्याने कल कायमचा सुधारल्याचे मी पाहिलेले नाही. तुकड्याने अंगठा आणि दुसरे बोट एकमेकांना घासणे थांबते, त्यासाठी तो जरूर वापरावा. मात्र सावनीताईंच्या बाबतीत जाड तुकडा वापरू नका. तो दुसऱ्या बोटाला बाजूला ढकलेल आणि तिथली पट्टी आधीच सैल आहे. बूट मात्र तपासा: सुखतळा काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर पूर्ण वजन देऊन उभ्या राहा. पायाचा चवडा दोन्ही कडांबाहेर सांडत असेल, तर तो बूट कितीही मऊ असला तरी तुमच्या पायासाठी अरुंद आहे.

मुशाफिर

एक प्रश्न मला अजून पडतो. शस्त्रक्रिया करायची ठरली तर अंगठ्याबरोबरच दुसरे लांब हाडही थोडे आखूड करून घ्यावे का? माझ्या वेळी तो विचार झाला नव्हता, आणि आता तेच सुचवले जात आहे.

अनुराधा_फिजिओ

यावर शल्यचिकित्सकांचे एकमत नाही. काही जण म्हणतात की पहिले हाड नीट बसले तर दुसऱ्यावरचा भार आपोआप कमी होईल, म्हणून आधी वाट पाहावी. काही जण, विशेषतः बोट सांध्यातून निसटू लागले असेल तर, दोन्ही एकाच वेळी करणे पसंत करतात. दुसरे हाड आखूड केल्यावर ते बोट जमिनीपासून उचललेले राहणे हा ज्ञात दुष्परिणाम आहे, म्हणून ते सरसकट करू नये याबाबत मात्र फारसे दुमत नाही. तुम्हाला आता दुखणे किती आहे आणि गादी ठसा घेऊन लावून पाहिली का, ते सांगा.

मुशाफिर

गादी कधी लावली नाही. मला कोणी सांगितलेच नाही.

सावनी_क

मग आधी ते करून पाहा. पोटरीची चाचणी मीही केली. गुडघा सरळ असताना पाऊल काटकोनाच्या अलीकडेच अडते. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे. बोटाचा कल वाढला तर शस्त्रक्रियेबद्दल बोलू, असे ते म्हणाले. शाळेसाठी नवे, रुंद बूट घेते आहे, त्यातही गादीची जागा पुन्हा ठसा घेऊनच ठरवावी लागेल ना?

अनुराधा_फिजिओ

होय, प्रत्येक बुटासाठी वेगळी. पाय प्रत्येक बुटात थोडा वेगळा सरकून बसतो, त्यामुळे जुन्या बुटातली गादी मोजून नव्यात लावली तर ती बहुधा चुकीच्या जागी येते.